शंभर वर्षं, सोळा चित्रं

प्रश्न : मी सहावी ते आठवीला इतिहास शिकवते. वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेची शंभर वर्षं दाखवणारा काळपट्टा लावायचा आहे. शब्द कमी, छोटी छोटी चित्रं, असं डोक्यात आहे. दार आणि कपाट यांच्यामध्ये अकरा फूट भिंत मोकळी आहे. गेल्या वर्षी चाळीस घटना घालून एक केला होता, पण मुलं त्याच्याकडे बघतच नाहीत. काय काय घ्यावं आणि कसं मांडावं?

उत्तर : मॅडम, तुमच्यासारखाच एक तक्ता मीही केला होता. चित्रकला शिकवायला लागून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा. अडतीस घटना, अडतीस सारखे चौकोन, प्रत्येकात एक फोटो आणि तीन ओळी. दिसायला नीटनेटका होता. महिनाभराने सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, फुल्यांनी हौद खुला केला आणि लगेच पुढच्या वर्षी सरकारने ठराव केला का?" माझ्या तक्त्यावर १८६८ चा हौद आणि १९२३ चा बोले ठराव शेजारशेजारच्या चौकोनांत आले होते. पाण्याच्या घटनांची एक रांग केली होती, आणि त्या रांगेत मध्ये काहीच नव्हतं म्हणून दोन चौकोन चिकटले. मधली पंचावन्न वर्षं गेली कुठे? मीच ती खाल्ली होती.

तेव्हापासून मी काळपट्टा करताना आधी फूटपट्टी हातात घेतो, घटनांची यादी नंतर. पुस्तकात घटना ओळीने येतात, फळ्यावरही ओळीनेच येतात. भिंतीवर मात्र दोन घटनांमधलं अंतर दाखवता येतं, आणि भिंत वापरायची ती त्यासाठीच. रिकामी जागा रिकामीच राहू द्यायची.

तुमच्या भिंतीचा हिशेब करू. बाजारात मिळणारा कार्डशीट २२ बाय २८ इंचांचा, म्हणजे साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटर. तो आडवा धरा. एका वर्षाला ३ सेंटिमीटर दिले तर वीस वर्षांना ६० लागतात. एका शीटवर वीस वर्षं घ्यायची आणि उरलेली ११ सेंटिमीटरची पट्टी कापून काढायची. ती टाकू नका, चित्रांखालच्या चिठ्ठ्या तिच्यातूनच निघतात. अशा पाच शीट्समध्ये शंभर वर्षं बसतात.

सुरुवात १८४८ पासून करावी असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलं होतं. पण मग सांधे १८६८, १८८८, १९०८, १९२८ ला पडतात आणि फुल्यांचा हौद बरोबर सांध्यावर येतो. सांध्यावर आलेली खूण कधीच धड बसत नाही. शीट दोन मिलिमीटर सरकली तरी ती तुटलेली दिसते. म्हणून रेघ १८४५ पासून सुरू करा. सांधे १८६५, १८८५, १९०५, १९२५ ला येतात आणि तिथे आपला एकही ठिपका नाही. पाचवी शीट १९२५ ची, ती मात्र कापायची नाही. तिचे जास्तीचे ११ सेंटिमीटर आपल्याला १९४८ च्या पुढे नेऊन सोडतात. एकूण लांबी ३११ सेंटिमीटर, म्हणजे दहा फुटांच्या किंचित वर. तुमच्या अकरा फुटांत दोन्ही बाजूंना थोडी भिंत दिसत राहील.

कुठलीही घटना कुठे लावायची याचा हिशेब सोपा आहे. वर्षातून १८४५ वजा करा, उरलेल्याला तीनने गुणा. १८४८ येतं ९ सेंटिमीटरवर. १८६८ येतं ६९ वर. १९२७ येतं २४६ वर, म्हणजे पाचव्या शीटवर डावीकडून ६ सेंटिमीटर. हे गणित मुलांनाच करायला द्या. सहावीची मुलं आनंदाने करतात, आणि एखाद्याचं चुकलं तर ते लगेच भिंतीवर दिसतं. महिना बघू नका, फक्त वर्षाच्या खुणेवर ठिपका द्या. भिडेवाड्याची शाळा जानेवारीत सुरू झाली की ऑगस्टमध्ये, यावर स्टाफरूममध्ये वाद होतो. आपल्या पट्ट्यावर तो वाद दोन सेंटिमीटरचा आहे.

आता घटना. शंभर वर्षांतलं सगळं घ्यायला गेलात तर पुन्हा चाळीस होतील. मी विषयच तीन धरतो : शाळा, लग्न, पाणी. मुलांना हे तिन्ही शब्द घरातून माहीत असतात. 'समाजप्रबोधन' हा शब्द मागच्या बाकावरच्या मुलाला काहीच सांगत नाही, 'पाणी' सांगतो. शीटची उंची ५६. त्यातले खालचे ११ सेंटिमीटर वर्षांच्या रेघेला आणि वर पंधरा-पंधराच्या तीन आडव्या वाटा. सगळ्यांत वर शाळा, मध्ये लग्न, खाली पाणी. पाण्याच्याच वाटेत देवळाचं दार येतं, कारण अडवणारा हात तोच होता.

शाळेच्या वाटेत मी चारच घेतो. १८४८ भिडेवाडा. १८८६ आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. १९१७ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ ला भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. यातून कर्व्यांचं १९१६ चं महिला विद्यापीठ मी काढलं आहे. यावर वाद होऊ शकतो. पण १९१६, १९१७, १९१९ असे तीन ठिपके नऊ सेंटिमीटरमध्ये आले की आठ सेंटिमीटरची तीन चित्रं एकमेकांवर चढतात. तुमच्या शाळेत कर्व्यांचं विद्यापीठ जास्त जवळचं असेल तर ते ठेवा आणि दुसरं काढा. तिन्ही मात्र ठेवू नका.

लग्नाच्या वाटेत सहा. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा. १८७३, सत्यशोधक समाज. हा लग्नाच्या वाटेत कसा, असं विचाराल. समाजाने पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली आणि मुलाला कळेल अशी त्याची खूण तीच आहे. मग १८८४ ते १८८८, रखमाबाईंचा खटला. बालपणी लावलेलं लग्न त्यांनी नाकारलं. १८८५ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला, १८८७ ला उलटला. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला आणि त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी १८८८ ला तडजोड झाली. या घटनेला ठिपका देऊ नका. बारा सेंटिमीटरची आडवी पट्टी द्या, १८८५ च्या सांध्यावर तिचे दोन तुकडे करून, कारण ही घटना चार वर्षं चालली. सगळ्या ठिपक्यांत ही एकच पट्टी असल्यामुळे मुलं तिच्याबद्दल हमखास विचारतात. त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी केलेला पुनर्विवाह, आणि १९२९ चा सारडा कायदा.

पाण्याच्या वाटेत सहा. १८६८ ला फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. १९२७ चवदार तळं. १९३० नाशिकचं काळाराम मंदिर. १९३७ ला चवदार तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल. १९४७ पंढरपूर.

सोळा झाल्या. १९०२ चा कोल्हापूरचा पन्नास टक्के जागांचा हुकूम नाही, विठ्ठल रामजी शिंद्यांचं मिशन नाही, 'मूकनायक' नाही. हातातून सोडताना जिवावर येतं, मला दरवेळी येतं. सोडलेल्या सगळ्यांची एक वही करा आणि ती पट्ट्याखाली दोरीने टांगून ठेवा.

आता चित्रं. इथे बहुतेक जण एकच चूक करतात, ते माणसांचे फोटो चिकटवतात. आठ सेंटिमीटरमध्ये पगडी, उपरणं आणि मिशी एवढंच दिसतं. रानडे, कर्वे, भांडारकर मागच्या बाकावरून सारखेच. शिवाय मोबाइलवरून उतरवून घेतलेली चित्रं कुणाची आणि कितपत खरी, याचा भरवसा नसतो. म्हणून माझ्या पट्ट्यावर एकही चेहरा नसतो. प्रत्येक घटनेला एक वस्तू. १८४८ ला पाटी. १८८६ ला स्टेथोस्कोप. १९१७ ला शाळेची घंटा. १९१९ ला वडाचं झाड, कारण रयतेच्या बोधचिन्हातच वड आहे. १८५६ ला बांगड्या, १८७३ ला दोन हार, रखमाबाईंच्या पट्टीवर तराजू, १८९३ ला मुंडावळ्या. पाण्यात हौद, रहाट, ओंजळ, आणि १९३७ ला घागर. काळाराम मंदिराला बंद दार आणि पंढरपूरला तेच दार, तसंच काढलेलं, पण उघडं. दोन्ही दारं एकाच स्टेन्सिलने कापा. चिठ्ठीवर मात्र 'नाशिक' आणि 'पंढरपूर' ठसठशीत हवं. नाहीतर नाशिकचंच देऊळ सतरा वर्षांनी उघडलं असं मुलं धरून चालतात.

वस्तू रंगवू नका, कापा. घोटीव कागदाची एकरंगी आकृती, आत रेघा नाहीत. तुमची शाई आणि ब्रश कितीही चांगले असले तरी पंधरा फुटांवरून बारीक रेघ मरते आणि सावलीसारखी सपाट आकृती जगते. रंग वाटेप्रमाणे ठेवा : शाळेला पाटीचा काळा, लग्नाला कुंकवाचा लाल, पाण्याला निळा. पिवळा नको, पांढऱ्या शीटवर तो दिसेनासा होतो. लाल आणि हिरव्याची जोडीही नको, वर्गात एखाद्या मुलाला ते दोन रंग वेगळे दिसत नसतील आणि त्याने ते कधी सांगितलेलं नसेल.

आकृती कापून झाली की चिठ्ठी न लावता भिंतीवर टाचणीने टोचा आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलाला बोलवा. शेवटच्या बाकावर बसवून विचारा, हे काय आहे? "ओंजळ" म्हणाला तर पास. माझा पहिला रहाट मुलांनी सायकलचं चाक म्हणून ओळखला होता. आता मी दोराला लोंबणारी बादली आधी कापतो, मग चाक.

आणखी एक गोष्ट करा, तिला शब्द लागत नाहीत. चित्राची चौकट दोन प्रकारची ठेवा. माणसांनी स्वतः उठून केलं ते गोलात, कायदेमंडळ, दरबार किंवा न्यायालयातून आलं ते चौकोनात. आता वाटा वाचून बघा. शाळेच्या वाटेत १८४८ चा गोल आणि पहिला चौकोन थेट १९१७ ला. पाण्याच्या वाटेत गोल, मग चौकोन, मग पुन्हा गोल, गोल, चौकोन, गोल. लग्नाच्या वाटेत उलटं : आधी १८५६ चा चौकोन, आणि त्या कायद्याचा वापर करून गाजलेलं कर्व्यांचं लग्न सदतीस वर्षांनी, १११ सेंटिमीटर उजवीकडे. मधल्या काळात पुनर्विवाह झालेच नाहीत असं नव्हे, झाले, आणि करणाऱ्यांना ते भोवलेही. कायदा होऊन सदतीस वर्षं झाल्यावरही कर्व्यांवर त्यांच्या मुरूडला बहिष्कार पडला. हे सगळं चिठ्ठीवर लिहायचं नाही. चौकोनापासून गोलापर्यंत मुलाला हात पसरायला लावायचे आणि मग तोंडी सांगायचं.

शब्दांचं म्हणाल तर माझा नियम पाच शब्दांचा, वर्ष सोडून. 'महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची पहिली शाळा सुरू केली' हे वाक्य पट्ट्यावर आलं की होतं 'भिडेवाडा, पुणे : मुलींची शाळा'. यातून मी 'पहिली' मुद्दाम काढलं आहे. मुंबईत मिशनऱ्यांनी १८२४ लाच मुलींची शाळा काढली होती. फुल्यांचं मोठेपण त्या एका शब्दावर उभं नाही आणि पट्ट्यावर 'भारतीयांनी चालवलेली' वगैरे खुलासे मावत नाहीत. 'पहिली', 'थोर', 'क्रांतिकारक' हे तीन शब्द गेले की बहुतेक चिठ्ठ्या आपोआप पाच शब्दांत बसतात. १९२७ : 'महाड : तळ्याचं पाणी प्यायले'. १९३७ : 'न्यायालय : तळं सर्वांचं'. क्रियापद असेल तर साधं ठेवा. 'प्यायले' हे 'सत्याग्रह केला'पेक्षा चांगलं, कारण ओंजळीच्या चित्राखाली तेच वाचावंसं वाटतं.

शब्द कमी केले की चूक लपत नाही, हेही लक्षात ठेवा. सगळ्यांत जास्त घोटाळा १८९१ आणि १९२९ मध्ये होतो. मी एकदा दोन्हीकडे एकाच मुलीची आकृती कापली, एकीवर १२ आणि दुसरीवर १४. देखणं दिसत होतं आणि चूक होतं. १८९१ चा कायदा लग्नाच्या वयाचा नव्हताच. त्याने संमतिवय दहावरून बारावर नेलं, लग्न त्याआधीही लावता येत होतं. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा केलं ते १९२९ च्या कायद्याने. सारख्या चित्रांमुळे मुलं म्हणायला लागली की लग्नाचं वय आधी बारा होतं, मग चौदा झालं. आता १८९१ ला मी चित्रच ठेवत नाही. चौकोनात नुसते आकडे, '१० → १२', आणि खाली 'संमतिवय कायदा'. १९२९ ला बाहुली आणि १४. सहावीला संमतिवय कितपत समजवायचं ते तुम्ही ठरवा. मी "लहान मुलींना सासरी त्रास होऊ नये म्हणून" एवढंच सांगतो, आठवीला जरा जास्त.

अक्षरांच्या आकाराबद्दल. ढोबळ अंदाज असा की इंचभर उंचीचं अक्षर दहा फुटांवरून न शिणता वाचता येतं. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची, वेलांट्या-उकार सोडून. म्हणजे खालच्या रेघेवरचे १८५०, १८६० हे दशकांचे आकडे चार सेंटिमीटरचे केलेत तर सोळा फुटांपर्यंत चालतील. चित्रांजवळचं वर्ष दोन सेंटिमीटर. चिठ्ठी एक सेंटिमीटर, ती बाकावरून वाचता येणार नाही आणि येऊही नये. बाकावरून दिसाव्यात तीन रंगांच्या वाटा, गोल, चौकोन आणि मोकळ्या जागा. चिठ्ठी वाचायला मुलाने उठून जवळ यावं. गेल्या वर्षी तुमची मुलं बघत नव्हती त्याचं एक कारण हेच असणार. लांबून सगळं करडं दिसतं आणि जवळ जावं असं काही खुणावत नाही.

दोन ठिपके फार जवळ आले तर ठिपका हलवू नका, चित्र हलवा. १८९१ आणि १८९३ मध्ये सहाच सेंटिमीटर आहेत आणि चित्रं आठची. एक चित्र सेंटिमीटरभर डावीकडे, दुसरं उजवीकडे, आणि चित्रापासून ठिपक्यापर्यंत लाल दोऱ्याचा तुकडा. १९१७ आणि १९१९ चंही तसंच. १८८६ ची स्टेथोस्कोपची आकृती सांध्यापासून तीन सेंटिमीटरवर येते, ती किंचित उजवीकडे घ्या. सांध्यावर आडवी चिकटवलीत तर पट्टा कधी उतरवायचा झाला की फाटेल.

खालच्या रेघेवर चार करड्या खुणा द्या, चित्राशिवाय : १८५३ रेल्वे, १८५७ उठाव, १९३० दांडी, १९४७ स्वातंत्र्य. मुलांना या आधीच ठाऊक असतात, त्यामुळे बाकीचं कुठे बसतं ते कळतं. विधवाविवाहाचा कायदा उठावाच्या एकच वर्ष आधीचा, हे मोठ्यांच्याही लक्षात नसतं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि दांडीयात्रा १२ मार्चला. दोन्ही खुणा वरखाली एकाच रेघेवर येतात. पंढरपूरच्या विठोबाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले ते मे १९४७ मध्ये, तीन महिन्यांवर स्वातंत्र्य असताना. पट्ट्याच्या उजव्या टोकाला उघडं दार आणि त्याच्या बरोबर खाली 'स्वातंत्र्य', हे मी ठरवून केलेलं नाही, हिशेबाने तिथेच येतं.

फ्लेक्स छापून घ्यावा का, असं कुणीतरी सुचवेलच. नको. एक तर खिडकीचा उजेड पडला की तो चमकतो आणि अर्धा वर्ग काही वाचू शकत नाही. लॅमिनेशनचंही तेच. दुसरं, चूक दुरुस्त होत नाही. मी एकदा छापून घेतला होता, त्यात १८९३ चं १८३९ होऊन आलं आणि कर्व्यांचं लग्न त्यांच्या जन्माआधीच लागलं. कर्वे १८५८ चे. वर्षभर तो आकडा स्टिकरखाली झाकून काढला.

हाताने करताना स्केचपेन वापरू नका, उन्हाने एका उन्हाळ्यात उडतो. आकड्यांना जाड पर्मनंट मार्कर किंवा कापलेला कागद. चिकटवायला पातळ गोंद घेतलात तर घोटीव कागदाला सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिक घ्या किंवा बारीक डबल टेप. शीट भिंतीला थेट चिकटवू नका. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप पावसाळ्यात पापुद्र्यासकट सुटते आणि कार्डशीट दमट हवेत गुंडाळी होतो. सुताराकडून साडेदहा फुटांची लाकडी पट्टी आणा (दोन तुकडे जोडले तरी चालेल), चार खिळ्यांवर बसवा, पाचही शीट्सच्या वरच्या कडा तिला ड्रॉइंग पिनांनी टाचा. खालच्या कडेला मागून तशीच बारीक पट्टी लावली की वजनाने शीट ताठ राहते. पट्ट्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवा. वरची कड सव्वापाच फुटांच्या आसपास येईल, म्हणजे सहावीतल्या बुटक्या मुलालाही शाळेच्या वाटेतली चिठ्ठी मान वर करून वाचता येईल.

वेळ किती लागेल? मुलांना घेऊन केलंत तर चार तास पुरावेत. पहिल्या तासाला रेघ आणि गणित, दुसऱ्या-तिसऱ्याला आकृत्या, चौथ्याला चिठ्ठ्या. सगळं एकदम लावू नका. आधी नुसती रिकामी रेघ आठवडाभर लटकू द्या. मग पहिल्या दिवशी फक्त पाण्याची वाट भरा. हौद लावा, आणि मुलांना विचारा, पुढचं चित्र कुठे येईल असं वाटतं? बहुतेक जण हौदाच्या शेजारी हात भर अंतरावर बोट ठेवतात. मग सुतळी द्या. एकाने ६९ सेंटिमीटरवरच्या हौदाशी धरायची, दुसऱ्याने २३४ वरच्या रहाटाशी. ती सुतळी तिथे कापा. १६५ सेंटिमीटरची होते, वर्गातल्या बहुतेक मुलांच्या उंचीहून जास्त. तीच सुतळी पट्टीच्या खिळ्याला अडकवून ठेवा. रहाटापासून ओंजळीपर्यंतचे बारा सेंटिमीटर, आणि ओंजळीपासून घागरीपर्यंतचे तीस, हे मुलं मग तुम्ही न सांगता मोजतात. तिथे एखादा विचारतोच की तळ्याचं पाणी प्यायल्यावर निकाल लागायला दहा वर्षं का लागली. तेव्हा महाड नगरपालिकेचा ठराव सांगायला घ्या : १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव झाला होता, तरी १९२७ पर्यंत अस्पृश्यांना तिथे पाणी भरू दिलं नव्हतं, आणि सत्याग्रहानंतर तो ठरावही मागे घेतला गेला.